ओव्हरहेड प्रेस एकाच वजनावर अडकला असेल तर: अर्ध्या किलोच्या चकत्या आणि रेपचा हिशोब

आमच्या तालुक्याच्या गावातल्या व्यायामशाळेत गेली बरीच वर्षं मी सकाळची बॅच घेतो. पोरं शेतातली आहेत, अंगाने काटक. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट त्यांचे वाढत जातात, पण उभ्याने डोक्यावर रॉड ढकलायचा प्रेस मात्र तीन-चार महिन्यांत एका ठिकाणी रुतून बसतो. ही एकच तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे की आता क्रम ठरून गेला आहे. त्याच क्रमाने लिहितो. आधीच्या तपासण्या फुकटच्या आहेत, नंतरच्यांना थोडा पैसा आणि बराच वेळ लागतो. आधीच्या सोडून थेट शेवटी उडी मारू नका, कारण निम्मी प्रकरणं पहिल्या दोन पायऱ्यांतच सुटतात.

लक्षणं

एकाच वजनावर तीन आठवड्यांहून जास्त काळ तेच आकडे येतात, उदाहरणार्थ तीन सेटमध्ये ५, ५, ४ रेप, म्हणजे एका दमात पाच वेळा, मग पाच वेळा आणि मग चार वेळा रॉड वर. पुढची प्लेट चढवली की एक रेप कशीबशी होते आणि दुसरी कपाळाच्या उंचीवर येऊन थांबते. रॉड खाली पडत नाही, वरही जात नाही, तिथेच थरथरतो. परत जुन्या वजनावर आलं की पुन्हा ५, ५, ४. बेंच आणि स्क्वॉट मात्र याच काळात पुढे सरकत असतात. ही सगळी लक्षणं एकत्र असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

खांदा दुखतो, हाताला मुंग्या येतात किंवा एकच हात मागे राहतो, असं असेल तर मधलं सगळं सोडून शेवटचा भाग वाचा. तो वेगळा आजार आहे. त्यावर छोट्या प्लेटा हा इलाज नाही.

पहिली तपासणी: वही

खर्च शून्य. मागच्या सहा आठवड्यांचे आकडे वहीत आहेत का? नसतील तर प्रेस अडकला आहे हे तुम्ही कशावरून म्हणता? अनेकदा पोरगं सांगतं की वाढतच नाही, आणि दोन आठवडे लिहून घेतलं की कळतं, एका दिवशी तो दोन सेटमध्ये मिनिटभर थांबला आणि दुसऱ्या दिवशी गप्पांत आठ मिनिटं गेली. प्रेसमध्ये लहान स्नायू काम करतात आणि ते लवकर रिकामे होतात. सेटच्या मध्ये घड्याळ लावून तीन ते चार मिनिटं थांबा आणि दर वेळी तेवढंच थांबा. एवढ्याने तिसऱ्या सेटमध्ये हरवलेली एक रेप परत येताना मी कित्येकदा पाहिली आहे.

वहीत आदल्या दिवशीचं शेतकामही लिहा. फवारणीच्या दिवसांत सोळा लिटरचा भरलेला पंप दिवसभर पाठीवर असतो, पट्टे खांद्यात रुततात आणि एक हात सतत दांडा मारत असतो. दुसऱ्या दिवशी प्रेस पडला तर तो अडकलेला नसतो, थकलेला असतो. सोयाबीनच्या सोंगणीत आणि रात्रीच्या ओलितातही हेच होतं. हा फरक वहीशिवाय दिसत नाही.

दुसरी तपासणी: रॉड आणि प्लेटा काट्यावर ठेवा

ही तपासणी लोकांना सगळ्यात फालतू वाटते आणि मला सगळ्यात महत्त्वाची. शहरातल्या मोठ्या जिममध्ये वीस किलोचा ऑलिम्पिक रॉड असतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अठ्ठावीस मिलिमीटर जाडीचा, सहा फुटी, भरीव साधा रॉड असतो. सगळे त्याला 'दहा किलो' म्हणतात. लोखंडाच्या हिशोबाने तो पावणेनऊ-नऊ किलोच भरतो. ओतीव प्लेटांवर आकडा पाचचा आणि वजन चार किलो आठशे, हेही नेहमीचं.

किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा दहा मिनिटांसाठी मागून घ्या. प्रत्येक प्लेट वजन करा आणि खरं वजन ऑइल पेंटने तिच्यावर लिहा. कारण सरळ आहे. आपण पुढे अर्ध्या अर्ध्या किलोने वाढणार आहोत. प्लेटांमध्येच दोन-तीनशे ग्रॅमची चूक असेल आणि दर वेळी हाताला येईल ती प्लेट चढवली, तर आपली वाढ त्या चुकीत बुडून जाईल. वाढवलं असं वाटेल आणि खरं वजन कमी झालेलं असेल. त्यामुळे प्रेससाठी ठरावीक प्लेटा ठेवा, त्याच वापरा, डावीची डावीकडे आणि उजवीची उजवीकडे.

माझ्या भाच्याचं उदाहरण पुढे सविस्तर येणार आहे, त्याचे आकडे इथेच देतो. तो म्हणायचा, "मामा, चाळीसवर चार महिन्यांपासून अटकलो." काट्यावर रॉड ८.८ किलो निघाला. दहाच्या दोन प्लेटा ९.७ आणि १०.१, पाचच्या दोन ४.९ आणि ४.८. म्हणजे त्याचे चाळीस हे खरे ३८.३ किलो होते. शिवाय दोन्ही जड प्लेटा उजवीकडे आणि दोन्ही हलक्या डावीकडे लागत होत्या, त्यामुळे उजवी बाजू अर्धा किलो जड होती. पाचच्या प्लेटांची अदलाबदल केली आणि फरक तीनशे ग्रॅमवर आला. त्याचा डावा खांदा वर चढायचा, तो याच कारणाने असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवसापासून ते कमी दिसलं.

तिसरी तपासणी: बाजूने व्हिडिओ

मोबाइल कमरेच्या उंचीवर बाजूला ठेवा आणि सगळ्यात जड सेट काढा. फक्त एक गोष्ट बघा: रॉडची वाट. रॉड खांद्यावरून निघून नाकाजवळून सरळ वर जायला हवा आणि शेवटी पावलाच्या मध्यावर, डोक्याच्या किंचित मागे थांबायला हवा. त्यासाठी सुरुवातीला हनुवटी मागे घ्यावी लागते आणि रॉड कपाळ ओलांडून गेला की डोकं पुढे आणावं लागतं. अडकलेली बहुतेक पोरं डोकं न हलवता रॉडलाच चेहऱ्याभोवती वळसा देतात. रॉड चार बोटं जरी पुढे गेला तरी खांद्याला तेच वजन जास्त लांबून उचलावं लागतं, आणि बरोबर कपाळापाशी दम संपतो.

पकड खांद्यापेक्षा थोडीशी बाहेर असावी आणि समोरून बघितलं तर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उभा दिसावा. ढुंगण आणि मांड्या आवळून, श्वास भरून ढकला. आता मागे वाकण्याबद्दल. थोडं मागे झुकणं चालतं, पण छाती आकाशाकडे बघायला लागली की तो उभ्याचा बेंच प्रेस झाला. वेटलिफ्टिंगच्या ऑलिम्पिक स्पर्धेत पूर्वी प्रेस हा तिसरा प्रकार होता. लोक इतके मागे वाकू लागले की कोणता प्रेस खरा हे पंचांना ठरवणं अवघड झालं, आणि १९७२ नंतर तो काढून टाकला. तेव्हा ही खोड आजची नाही. पण कंबर तुमची आहे, आणि वाकून मिळवलेली रेप वहीत लिहू नका. तिच्यावर पुढचा हिशोब उभा राहत नाही.

वाट सुधारली तर दोन आठवडे जुन्याच वजनावर राहा. कधी कधी इथेच काम होतं.

चौथी तपासणी: उडी किती मोठी आहे?

पहिल्या तीन तपासण्यांत सुटलं नाही तर खरा दोष बहुतेक वेळा इथे असतो. आपल्याकडे सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना लावली की पाच किलो. नव्वद किलोच्या स्क्वॉटमध्ये पाच किलो म्हणजे साडेपाच टक्के. भाच्याच्या ३८.३ किलोच्या प्रेसमध्ये तेच पाच किलो तेरा टक्के होतात. स्क्वॉटच्या मापाने बघितलं तर आपण त्याला नव्वदवरून थेट एकशेदोनवर जायला सांगत होतो.

याचा एक ढोबळ हिशोब आहे. वजनाला (१ + रेप ÷ ३०) ने गुणलं की एका रेपची अंदाजे कमाल ताकद येते. ३८.३ वर ५ रेप, म्हणजे ४४.७ किलोच्या आसपास. आता उलटं करा. या ताकदीवर ४३.३ किलो किती वेळा जाईल? एकदा. भाच्याचं नेमकं हेच होत होतं. एक रेप, दुसरी कपाळावर. त्याची इच्छाशक्ती कमी नव्हती, गणितच तसं होतं. याच ताकदीवर ३९.३ किलो मात्र चार वेळा जातं. म्हणजे एक किलो वाढवलं की साधारण एक रेप कमी होते. गमावलेली एक रेप आठवड्या-दोन आठवड्यांत परत मिळवता येते. गमावलेल्या चार रेप मिळवता येत नाहीत.

हा हिशोब दहाच्या आतल्या रेपसाठी बरा चालतो. त्यापुढे तो फार गोड आकडे दाखवतो.

लहान प्लेटा बाजारात मिळतात, पण त्या मागवायच्या कशाला? फॅब्रिकेशनच्या दुकानात पत्र्याचे उरलेले तुकडे पडलेले असतात. साध्या अठ्ठावीस मिलिमीटरच्या रॉडसाठी ही मापं द्या: आठ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून साडेदहा सेंटिमीटर व्यासाची चकती, मध्ये तीस मिलिमीटरचं भोक. ती बरोबर अर्ध्या किलोच्या आसपास भरते. पाव किलोसाठी पाच मिलिमीटरचा पत्रा आणि साडेनऊ सेंटिमीटर व्यास, भोक तेच. गॅस कटरने कापलेली कडा खरबरीत राहते, ती ग्राइंडरने घासून घ्या, नाहीतर चढवताना बोट कापतं. भोक लेथवर केलं तर उत्तम. तयार झाली की काट्यावर ठेवा आणि जास्तीचं घासून कमी करा.

अर्ध्या किलोच्या चार जोड्या आणि पाव किलोची एक जोडी, एवढं पुरे. त्यातून अर्ध्या किलोपासून साडेचार किलोपर्यंत अर्ध्या अर्ध्याची प्रत्येक पायरी मिळते, म्हणजे दोन मोठ्या प्लेटांमधली पूर्ण दरी भरते. चकत्या सगळ्यात बाहेर लावा आणि त्यावर लॉक घट्ट करा. आमच्याकडे एकदा लॉक न लावता रॉड उचलला आणि चकती सुटून पोराच्या अंगठ्यावर पडली. अर्धा किलोच होती, तरी नख गेलं.

भाच्याचे सव्वीस आठवडे

दिवाळी झाल्यावर सुरुवात केली. सोमवारी जड प्रेस, तीन सेट, उद्दिष्ट ५, ५, ५, म्हणजे एकूण पंधरा रेप. गुरुवारी साधारण तीस किलोवर आठ-आठचे तीन सेट, न झगडता. नियम दोनच. पंधरा पूर्ण झाल्या, आणि शेवटची रेप अर्ध्यात थांबून थांबून गेलेली नसली, तरच पुढच्या सोमवारी वजन वाढवायचं. पंधरा नाही झाल्या तर वजन तेच, पण एकूणात एक तरी रेप जास्त मिळवायची.

पहिल्यांदा मागे आलो, ३५.६ किलोवर. त्याला ते आवडलं नाही. "मामा, हे तं पोरीबी उचलते," म्हणाला. उचलतात, आणि आमच्याकडच्या दोघी छान उचलतात, हे त्याला तेव्हाच सांगितलं. मागे यायचं कारण असं की झगडत अडकलेल्या माणसाचा थकवाही साचलेला असतो आणि सवयही बिघडलेली असते. तीन आठवडे ३५.६, ३६.६, ३७.६ असे पंधरा-पंधरा रेपने गेले. चौथ्या आठवड्यात ३८.३, जिथे चार महिने १४ वर अडकला होता, तिथे पंधरा झाल्या.

पाचव्या आठवड्यात ३९.३ लावले: ५, ४, ४. तेरा. पुढच्या सोमवारी चौदा, त्याच्या पुढच्या सोमवारी पंधरा. हीच या पद्धतीची चाल आहे. वजन वाढलं की रेप पडतात, आणि त्या भरून आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आठव्या आठवड्यात ४०.३ वर बारा आल्या, मग तेरा, आणि दहाव्या आठवड्यात एकदम अकरा. तो वैतागला, चकत्या काढायला निघाला. वही उघडली. जानेवारी होता, त्या आठवड्यात थ्री फेज लाइन रात्री होती आणि पोरगा तीन रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला बांधावर होता. झोप नाही, वर थंडी. वजनाला हात लावला नाही. लाइन दिवसाची झाल्यावर पुढच्या सोमवारी चौदा, मग पंधरा. एका वाईट दिवसावर योजना बदलायची नाही. सलग तीन सोमवार एकूण वाढत नसेल, आणि झोप-जेवण-काम नेहमीचं असेल, तरच बदलायची.

४०.३ ला पाच आठवडे लागले, म्हणून पुढची पायरी अर्ध्या किलोची केली, म्हणजे बाजूला पाव किलो. ४०.८ ला दोन आठवडे, ४१.३ ला तीन, ४१.८ ला दोन, ४२.३ ला तीन, ४२.८ ला दोन. पंचविसाव्या आठवड्यात, मे उजाडला होता आणि आम्ही उन्हामुळे पहाटे साडेपाचला प्रेस घेत होतो, त्याने ४३.३ किलो लावले. मोठ्या प्लेटा लावल्या, चकत्या सगळ्या काढून. नोव्हेंबरात एकदा जाणारं हे वजन ४, ४, ४ गेलं. सव्विसाव्या आठवड्यात ५, ४, ४.

सहा महिन्यांत पाच किलो. हळू वाटतं, पण आधीच्या चार महिन्यांत शून्य होतं. आणि त्याच्या लक्षातही आलं नाही की मध्ये तो कधी अडकलाच नाही.

अर्ध्या किलोच्या खाली जाऊ नका. दीडशे ग्रॅमच्या पायऱ्या करणारे मी पाहिले आहेत. तेवढा फरक पाणी पिण्या-न पिण्यानेही पडतो, आणि तुम्ही ताकद वाढवताय की फक्त आकडा, हे कळेनासं होतं.

पाचवी तपासणी: ताट

अर्ध्या किलोच्या पायरीवरही तीन सोमवार अडकलात तर स्वतःला काट्यावर ठेवा. दोन महिन्यांत अंगाचं वजन उतरलं असेल तर प्रेसला पहिला फटका बसतो. आपल्याकडे ज्वारीची भाकर भरपूर असते, सोबतचं वरण मात्र पातळ असतं. वरण घट्ट करा, भिजवलेला हरभरा, शेंगदाणे, अंडी, दूध-दही यांपैकी जे घरात आहे ते दोन्ही वेळच्या जेवणात आणा. महिनाभर वजन स्थिर किंवा किंचित वाढतं ठेवा आणि मग प्रेसकडे बघा. त्याआधी कार्यक्रम बदलण्यात अर्थ नाही.

ताटही ठीक असेल तर सोमवारच्या प्रेसनंतर जवळच्या पकडीच्या बेंचचे तीन सेट जोडा. प्रेसचा वरचा अर्धा भाग दंडाच्या मागच्या स्नायूवर चालतो. हे मी शेवटी सांगतो, कारण थकलेल्या माणसाला आणखी काम दिलं तर तो आणखी अडकतो.

इथे थांबा

खांद्यात टोचल्यासारखी कळ येत असेल आणि दोन आठवडे प्रेस बंद ठेवूनही ती राहिली असेल, रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, हात रिकामा असूनही डोक्यावर पूर्ण जात नसेल, किंवा मानेपासून बोटांपर्यंत मुंग्या आणि बधिरपणा येत असेल, तर प्रेस बंद करा. हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. आधी मालिश करणाऱ्याकडे जाऊन खांदा ओढून घेऊ नका.

छातीत दाब, डोळ्यापुढे अंधारी, चक्कर येऊन पडणं, यात फिजिओ नाही, त्याच दिवशी दवाखाना. ब्लड प्रेशर वाढलेलं असेल तर श्वास रोखून जड ढकलण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण त्या क्षणी दाब फार वर जातो.

एक गोष्ट आपल्या भागासाठी खास. विदर्भात सिकलसेल बरंच आहे, आणि जे फक्त वाहक असतात त्यांना एरवी काहीच त्रास नसतो, म्हणून माहीतही नसतं. पण भर उन्हात, पाणी न पिता, दम तुटेपर्यंत व्यायाम केला तर वाहकांच्या स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. घरात कोणाला सिकलसेल असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. वाहक असलात तरी ही पद्धत चालते, मध्ये भरपूर थांबत आणि पाणी पीत. व्यायामानंतर स्नायू अतिशय दुखून लघवी काळपट चहासारखी झाली तर, वाहक असा किंवा नसा, तासाभराचीही वाट बघू नका.

डॉक्टर किंवा फिजिओकडे जाताना वही आणि बाजूने काढलेला व्हिडिओ सोबत न्या. कोणत्या वजनावर, कितव्या रेपला, हात कुठल्या उंचीवर असताना दुखतं, हे त्यात दिसतं. नुसतं 'खांदा दुखते' सांगितलं की नुसती गोळी मिळते.